आजीचा आवाज भरून ठेवताना

आजीचा आवाज कापून टाकणार होते. डॉक्टर अर्थातच असं म्हणाले नव्हते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून स्वरयंत्र कुठे असतं, गाठ कुठवर गेली आहे आणि आता ते सगळंच का काढावं लागणार आहे, हे शांतपणे समजावलं होतं. ऑपरेशननंतर श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलणं बंद. पुढे यंत्र लावून किंवा शिकून काही बोलता येतं, पण तो आवाज हा नसेल. घरी आल्यावर मी आत्याला फोनवर सरळ सांगितलं, कापून टाकणार आहेत.

दवाखान्यात सगळे प्रश्न आजोबांनी विचारले. शेवटी डॉक्टर आजीकडे वळून म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का, तर आजोबाच म्हणाले की नाही, तिला सगळं समजलंय. आजीने मान हलवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे हे असंच चालत आलं होतं. आजीला भूक आहे की नाही, तिला गाडी लागते की नाही, तिला नवं घर आवडलं की नाही, हे सगळं आम्हाला आजोबांकडून कळायचं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. आत्या दूर परगावी असते, तिला सुट्टी मिळेना, म्हणून तिने हुकूम सोडला. तू रोज लोकांची लग्नं भरतेस, आता आईचा आवाज भर. आमच्या स्टुडिओत मी लग्नाचे व्हिडिओ काढायचं आणि जोडायचं काम करते. अनोळखी माणसांचे काका-मामा हसताना-रडताना पाहून पाहून माझे डोळे निबर झालेत. तरी आत्याचं हे वाक्य मला लागलं. कारण तिचं बरोबर होतं. घरात आजीचे फोटो ढिगाने होते आणि आवाज कुठेही नव्हता. वाढदिवसाच्या एका व्हिडिओत ती दिसते, पण बोलतात आजोबा.

आता ही माझी आजी कोण, ते सांगायला हवं. ती छापखान्यात वाचणारी होती. पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापत, तेव्हा मजकुराचं प्रूफ निघालं की ते तपासायला दोन माणसं बसत. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा समोरच्या प्रूफवर नजर ठेवून चुका काढायचा. आजी मोठ्याने वाचायची. नुसते शब्द नाही, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळं. सकाळी बसायची ती संध्याकाळी उठायची. कायद्याची पुस्तकं, औषधांच्या याद्या, कादंबऱ्या, शाळेची गणितं, लग्नपत्रिका. आवाज एका पट्टीत ठेवायचा, कारण अर्थात गुंतलं की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. कादंबरीतली आई मेली तरी पट्टी बदलायची नाही. छापखान्यात सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे.

आजोबा त्याच छापखान्यात खाली जुळारी होते. खिळ्यांच्या खणांपुढे उभं राहून ओळी जुळवताना वरच्या मजल्यावरून तिचा आवाज त्यांना ऐकू यायचा. आपण चुकीचा जुळवलेला शब्द तिने बरोबर वाचला की आता दुरुस्तीचा कागद येणार हे त्यांना वरून माणूस येण्याआधीच कळायचं. आजोबांच्या मते त्यांचं प्रेम असंच जमलं. आजीच्या मते काय, ते आम्ही कधी विचारलं नाही. बारा तास परक्यांचे शब्द वाचून आलेली बाई घरी काय बोलणार? ती घरी गप्प असायची आणि आजोबा दोघांचं मिळून बोलायचे. त्यांना ते छान जमायचंही. माणूस मोठा गप्पिष्ट आणि गोड.

तर मी कामाला लागले. आत्याने कुठूनतरी शोधून शंभरावर प्रश्नांची यादी पाठवली होती. ‘तुमच्या जीवनाचं तत्त्वज्ञान काय?’ हा त्यातला सातवा प्रश्न. मी तिला म्हटलं, हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी उठून जाईन. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपतं ते सगळे प्रश्न मी खोडले. ‘शाळा आवडायची का’ याच्या जागी ‘शाळेत जायचा रस्ता कसा होता, वाटेत काय काय लागायचं’ असं केलं. जन्मतारखा, सनावळ्या काढून टाकल्या, त्या कागदपत्रांत मिळतात. माणसाला वर्ष आठवत नाही, पण दार आठवतं. म्हणून सुरुवातीला सोपे, डोळ्यांपुढे चित्र उभं करणारे प्रश्न ठेवले. लहानपणच्या घराच्या दारात उभी राहिलीस तर काय दिसतं? घरात सगळ्यात आधी कोण उठायचं, आणि ते कशाच्या आवाजाने कळायचं? पहिल्या पगाराचं काय केलंस? कुणाच्या जाण्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं, हा प्रश्न मागे ठेवला, जीभ मोकळी झाल्यावर विचारायला. आणि अगदी शेवटी, मी विचारलं नाही असं काही सांगायचंय?

इथवर सगळं शहाणपणाचं. मग मी माती खाल्ली. आजीला विचार करायला वेळ मिळावा म्हणून प्रश्नांचा छापील कागद दोन दिवस आधी घरी देऊन आले. खरं तर फक्त विषय सांगायचे असतात, प्रश्न नाही. लग्नात भाषण करणाऱ्या काकांना आधी कळवलं की ते काय करतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी मला सुचलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी सामान घेऊन पोचले. बैठकीची खोली लहान, एकच मोठी खिडकी. आजोबांनी सोफा खिडकीकडे पाठ करून मांडून ठेवला होता, मागे पडदा छान दिसेल म्हणून. मी म्हटलं, आजोबा, असं बसवलं तर आजीचा चेहरा काळा येईल आणि पडदा तेवढा गोरा. आजीची रोजची खुर्ची आणून खिडकीच्या बाजूला तिरकी ठेवली, म्हणजे उजेड एका गालावर आणि थोडा दुसऱ्यावर. पाठ भिंतीला टेकवली नाही, मागे आतल्या खोलीचं दार आणि कपाटाची कड दिसू दिली. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतला की म्हातारं माणूस केविलवाणं दिसतं आणि खालून घेतला की पुढाऱ्यासारखं. छातीपासून वर, डोक्यावर बोटभर जागा, आणि हात मांडीवरून उचलले तर चौकटीत येतील इतपत. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर. पंखा बंद, घड्याळ आतल्या खोलीत, फोन बंद. फ्रिजही बंद केला आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, जाताना किल्ल्या शोधीन तेव्हा फ्रिज सुरू करायची आठवण होईल. हे त्यांना इतकं आवडलं की ते आजीला जाऊन पुन्हा समजावून आले.

आजी येऊन बसली. केस विंचरलेले, निळी साडी. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, वाक्याच्या शेवटाला विरायचा. मी सांगितलं की थोडं थोडं बोलायचं, दुखलं की हात वर करायचा, कोमट पाणी शेजारी आहे. कॅमेरा सुरू करून मी आधी तारीख, वार, जागा आणि खोलीत कोण कोण आहे ते बोलले. पुढे कुणी पाहिलं तर कळायला हवं. मग पहिला प्रश्न विचारला, दाराचा.

आजीने साडीच्या घडीतून एक कागद काढला, चष्मा चढवला आणि वाचायला लागली.

"आमचे बालपणीचे घर लहान परंतु टुमदार होते, पूर्णविराम. घरासमोर एक विशाल वृक्ष होता, स्वल्पविराम, ज्याच्या छायेत आम्ही भावंडे खेळत असू, पूर्णविराम."

मला आधी हसू आलं, मग मी कागदाकडे पाहिलं. कागदावर आजोबांचं अक्षर होतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी दोन दिवस बसून लिहून काढली होती, खाडाखोड करून, पुन्हा सुवाच्य उतरवून. आणि आजी ती एका पट्टीत, एकही शब्द न चुकवता वाचत होती. समोर कागद आला की तिचा आवाज आपोआप छापखान्यातल्या त्या टेबलाशी जाऊन बसायचा. आजोबा माझ्याशेजारी उभे राहून ओठांनी तेच शब्द म्हणत होते.

मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं, पण तो आवाज तरी मिळतोय असं मनाला समजावत राहिले. सहाव्या उत्तरात मालकांची गोष्ट आली. ही आमच्या घरातली नावाजलेली गंमत. छापखान्याच्या मालकांनी दुसऱ्या गावी नवा छापखाना काढला, शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम मिळालं. तिथे मुद्रितशोधनाचा सगळा विभाग सांभाळायला त्यांना आजी हवी होती. ते आजोबांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, बाईंना पाठवता का? आजोबा म्हणाले, मग माझ्या चुका कोण काढणार? मालक हसत परत गेले. ही गोष्ट आजोबांनी प्रत्येक लग्नात, बारशात, पाहुण्यांत सांगितली आहे आणि दर वेळी सगळे हसले आहेत, आजीसुद्धा.

आता ती वाचत होती, "माझे यजमान हसून उत्तरले, स्वल्पविराम, अवतरण सुरू, मग माझ्या चुका कोण काढणार, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद." तिथे तिचा आवाज फाटला. तिने हात वर केला. मी कॅमेरा बंद केला.

त्या दिवशी पुढे काही झालं नाही. तिला आत जाऊन पडावं लागलं.

माझा संताप अनावर झाला होता. मी आजोबांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, तुम्ही हे का केलंत? आम्हाला तुमचा निबंध नको होता, तिचं बोलणं हवं होतं. तिच्याकडे आता थोडेच दिवस आवाज आहे आणि त्यातला अर्धा तास तुमचा वृक्ष आणि छाया वाचण्यात गेला. मी बरंच बोलले. बोलायला नको होतं इतकं बोलले. आजोबा ओट्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, "अगं, ती अडखळेल म्हणून लिहून दिलं. शेवटचं आहे ना, नीट यायला हवं." ते रडत होते हे मला उशिरा कळलं, कारण ते नळ सोडून भांडी विसळायला लागले होते.

रागाचं एक बरं असतं, ओसरला की डोकं चालायला लागतं. घरी जाऊन मी पुन्हा पुन्हा ती फीत पाहिली. आजी कागदावरून नजर उचलायची तेव्हा माझ्याकडे पाहायचीच नाही, आजोबांकडे पाहायची. मुलाखतीत माणूस कॅमेऱ्याच्या काचेत पाहत नाही. काचेच्या अगदी शेजारी जो बसलाय, ज्याला सांगायचंय, त्याच्या डोळ्यांत पाहतो. ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे. मी त्या जागी स्वतःला बसवलं होतं आणि आजोबांना उभं करून ठेवलं होतं. बाहेर काढलं असतं तर ती दाराकडे पाहत राहिली असती. त्यांना त्या जागी बसवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले ते प्रश्नांचा कागद न घेता. आजोबांना म्हटलं, आज प्रश्न तुम्ही विचारायचे. त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांबा, आधी नियम ऐका. प्रश्न एकच विचारायचा आणि गप्प बसायचं. हं, बरोबर, हो का, असलंही काही करायचं नाही, तिच्या आवाजावर तुमचा आवाज चढतो आणि मग तो वेगळा काढता येत नाही. मान हलवायची. ती थांबली तरी बोलायचं नाही. मनात दहापर्यंत मोजायचं आणि तरी ती गप्प राहिली तर पुन्हा मोजायचं. तिचा शब्द पुरा करायचा नाही. तिच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही. चुकीचं आठवत असली तरी दुरुस्त करायचं नाही. आजोबा म्हणाले, हे फार झालं. मी म्हटलं, ऑपरेशन तिचं आहे. त्यांची खुर्ची मी कॅमेऱ्याला अगदी चिकटून ठेवली, डोळे काचेच्या उंचीवर. स्टुडिओतला दुसरा माइक त्यांना लावला, म्हणजे दोघांचा आवाज वेगवेगळा राहील.

कागदाच्या जागी मी वस्तू आणल्या होत्या. आठवणीला प्रश्नापेक्षा वस्तू लवकर जाग आणते. एका टोपलीत जुने फोटो, आजीच्या आईची कात्री, आजोबांनी जपून ठेवलेले मूठभर शिशाचे खिळे, आणि एक कोरा कागद, लहानपणच्या घराचा नकाशा काढायला. आजोबांनी कात्री तिच्या हातात दिली आणि विचारलं, "ही कुठे असायची?"

आजीने कात्री उघडली, मिटली. वेळ गेला. आजोबांचे ओठ हलायला लागले होते. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

मग ती बोलली. कात्री खिळ्याला टांगलेली असायची, दाराच्या मागे, पोरांचा हात पोचू नये म्हणून. तिचा मात्र पोचायचा, ती पाण्याच्या पिंपावर चढायची. दारासमोर वृक्षबिक्ष काही नव्हता. समोर कोळशाची वखार होती आणि त्यांचे कपडे वाळत घातले की काळे व्हायचे. तिची आई रोज वखारवाल्याशी भांडायची आणि रोज संध्याकाळी त्याच्याच बायकोपाशी जाऊन बसायची. आजीने कोऱ्या कागदावर घर काढलं, दोन खोल्या, आणि एका कोपऱ्यात फुली मारली. तापाने गेलेला धाकटा भाऊ तिथे निजायचा. तो गेल्यावर तिथे कुणी अंथरूण घातलं नाही, जागा अपुरी होती तरी नाही. मला हा भाऊ माहीत नव्हता. माझ्या वडिलांना माहीत नव्हता. आजोबांनाही त्या फुलीची गोष्ट माहीत नव्हती, हे त्यांची हलणारी मान थांबली त्यावरून कळलं.

ती थांबत थांबत बोलत होती. पाणी पीत होती. मध्ये हात वर केला की मी थांबवत होते आणि ती स्वतःहून पुन्हा सुरू कर म्हणत होती. पट्टी कुठेच सरळ नव्हती. आवाज चढत होता, घसरत होता, वखारवाल्याची नक्कल करताना तर ती हसली आणि खोकली. मी कॅमेऱ्यामागे बसून रडत होते आणि नाक ओढता येत नव्हतं, माइकमध्ये येईल म्हणून.

मग खिळ्यांची पाळी आली. तिने एक खिळा बोटांत धरून उलटा वाचला. छापखान्याचं सांगू लागली, वरच्या खोलीत उन्हाळ्यात कसं व्हायचं, घसा बसला की प्रूफ तपासणारे म्हातारबुवा स्वतःची खडीसाखर कशी पुढे सरकवायचे. आजोबा खुश झाले. ते आता तयार झाले होते, नेमके प्रश्न विचारत होते. ते म्हणाले, "मालकांची ती गंमत सांग."

आजी म्हणाली, "ती तुमची आहे. तुम्हीच सांगता."

आजोबा हसले. मग त्यांचं हसणं थांबलं. आजी त्यांच्याकडे पाहत होती, काचेच्या शेजारी, नजर न हलवता. पंखा बंद होता, घड्याळ आतल्या खोलीत होतं. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आजोबा मोजत असावेत किंवा मोजायचं विसरले असावेत.

अखेर त्यांनी विचारलं, "तुला जायचं होतं?"

हा हो-नाहीत संपणारा प्रश्न. मी असे सगळे प्रश्न वेचून खोडले होते.

"हो," आजी म्हणाली.

मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, अगं पण मुलं लहान होती, अगं पण तिथे राहायचं कुठे. त्यांच्याकडे कारणं नेहमी तयार असायची. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली, कारण मी सांगितलं होतं, तिच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही.

आजी म्हणाली, "तुम्ही मला येऊन विचारलं असतंत, तर मी नाहीच म्हटलं असतं. पोरं सोडून कुठे जाणार होते? पण ते ‘नाही’ मला म्हणायचं होतं. मालकांपुढे, माझ्या तोंडाने." मग ती थांबली, घोटभर पाणी प्यायली. "सगळे हसले की मी पण हसायचे. मला त्यात कधी हसू आलं नाही."

तिने खिळा टोपलीत ठेवला. आजोबा म्हणाले, "चुकलं." तेवढंच. त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. आजी म्हणाली, "हो." आणि मग, जरा वेळाने, "आता पुढचं विचारा."

त्यांना पुढचं काही विचारता आलं नाही. शेवटचा प्रश्न मी विचारला, मी विचारलं नाही असं काही सांगायचंय? आजी म्हणाली, नाही, झालं. मी दोघांना सांगितलं की आता जरा वेळ कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, मला रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचाय. जोडणी करताना दोन वाक्यांच्या मध्ये तो लागतो, नाहीतर शांतता तुटक येते. ते दोघं समोरासमोर बसून राहिले. आजीचा हात कात्रीवर होता. ती फीत मी कामासाठी पुष्कळदा ऐकली आहे. त्यात नुसता दोघांचा श्वास आहे, तिचा थोडा घरघरता.

घरी येऊन मी सगळं तीन ठिकाणी उतरवलं, एक माझ्याकडे, एक आत्याकडे, एक आजोबांच्या कपाटात, आणि कुठल्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे त्याची टिपणी सोबत ठेवली. आत्याने ऐकलं आणि फोन केला. म्हणाली, मालकांचं ते काढून टाक, घरातलं घरात राहू दे, बाबांना लोक काय म्हणतील. तिचं मला पटलं नाही आणि नाही म्हणायची माझी हिंमतही होईना. पण हे ठरवणारी मी कोण? दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी आजीलाच तो तुकडा दाखवला. ती चष्मा लावून, प्रूफ तपासावं तशी पाहत होती. आजोबा दारात उभे होते. मी विचारलं, काढू?

"राहू दे," ती म्हणाली. "चूक नाहीये त्यात."

आजोबांनी मान हलवली आणि ते बॅग भरायला गेले. आत्याला हे मी फोनवर कळवलं. ती जरा फुरंगटली, पण तिने पुन्हा विषय काढला नाही.

ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं तेव्हा आजी उशांना टेकून बसली होती. नाकात अन्नाची नळी, गळ्याशी दुसरी. डोळे उघडे. शेजारी पांढरी पाटी आणि पेन ठेवलेलं. तिने आम्हाला पाहिलं, ओठ हलवले, काहीच आलं नाही. ते काहीच न येणं इतकं पूर्ण होतं की मी खिडकीकडे वळले. सगळं माहीत असूनही माझी तयारी नव्हती.

परिचारिका आली. कामाच्या घाईत होती, चांगली मुलगी होती. तिने नळ्या पाहिल्या, कागदावर काही टिपलं आणि सवयीने आजोबांकडे वळून विचारलं, "त्यांना दुखतंय का फार?"

मला वाटलं, आता म्हणतील, नाही, ती ठीक आहे. कारण आजीच्या वतीने ते नेहमी हेच सांगत आलेत. दोन बाळंतपणांत, हात मोडला तेव्हा, तिची आई गेली तेव्हा. ती ठीक आहे.

आजोबा म्हणाले, "तिला विचारा. ती सांगेल."

परिचारिका जरा गोंधळली, मग आजीकडे वळली. आजोबांनी पाटी आजीच्या हाताखाली धरली. आजीच्या हातातून पेन दोनदा घसरलं. परिचारिकेने घड्याळाकडे पाहिलं. आजोबा पाटी घट्ट धरून उभे होते आणि पाटीकडे न पाहता आजीकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने तिने पेन खाली ठेवलं.

पाटीवर लिहिलं होतं, खूप दुखतंय.

परिचारिका औषध आणायला गेली. आजोबांनी पाटी स्वतःकडे वळवून ते वाचलं, आणि स्टूल ओढून आजीच्या शेजारी बसले.